अपियरिंग

किंक्रांतीच्या दिवशी दुपारी पुण्याच्या मावसबहिणीचा मेसेज आला, "ताई, हा तुझाच ना? आमच्या वधूवर ग्रुपवर आलाय," आणि खाली एक पीडीएफ. माझाच होता. तोच फोटो, राखाडी कुर्ता, मागे आमच्या घरातली बोगनवेल. नाव, जन्मतारीख, जन्मवेळ पहाटे ४.१०, जन्मस्थळ इंदूर, उंची, गोत्र, नाडी मध्य. सगळं पाठ असलेलं, म्हणून मी भरभर खाली गेले आणि शिक्षणाच्या ओळीवर थांबले. तिथे लिहिलं होतं, "बी.कॉम., सी.ए. इंटर." एवढंच. आत्तापर्यंत तिथे असायचं, "बी.कॉम., सी.ए. फायनल (अपियरिंग)". तो शब्द काढला होता. मी काढला नव्हता, आणि आमच्या घरात त्या फाइलला हात लावणारं माझ्याशिवाय एकच माणूस आहे, बाबा.

मी बहिणीला "हो माझाच" असं लिहिलं आणि फोन उलटा ठेवला. बाहेर गल्लीत मुलं पतंग काटून ओरडत होती, आई स्वयंपाकघरात उरलेल्या तिळगुळाचे डबे भरत होती, आणि मला एका शब्दावरून इतकं का लागलंय ते कळत नव्हतं. खोटं तर काहीच लिहिलं नव्हतं. इंटर मी पास आहेच, २०१६ सालीच झाले. उलट "अपियरिंग" म्हणजेच काही नाही, परीक्षेला बसणारा कुणीही ते लिहू शकतो, त्याला ना डिग्री ना सर्टिफिकेट. पण तो शब्द गेली काही वर्षं माझ्यासाठी दार थोडं उघडं ठेवून उभा होता, आणि आता कुणीतरी हळूच, आवाज न करता ते दार लावून घेतलं होतं असं वाटलं.

ज्यांच्या घरात सी.ए.चा अभ्यास झालेला नाही त्यांना एक गोष्ट सांगायला लागेल, कारण त्याशिवाय हे कळणार नाही. फायनलचे दोन ग्रुप असतात. माझा दुसरा ग्रुप नोव्हेंबर २०२२ च्या परीक्षेत निघाला, राहिला पहिला. नवीन स्कीममध्ये, म्हणजे मे २०२४ पासून, त्यात तीन पेपर: फायनान्शियल रिपोर्टिंग, ज्याला आम्ही सगळे एफ.आर. म्हणतो, दुसरा ए.एफ.एम., म्हणजे ॲडव्हान्स्ड फायनान्शियल मॅनेजमेंट, आणि तिसरा ऑडिट. पास व्हायला दोन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. प्रत्येक पेपरात किमान ४०, आणि तिघांचे मिळून ३०० पैकी १५०. लोकांना पहिली अट कळते, दुसरी कळत नाही. तिन्हीत चाळीस-चाळीस पडले तरी नापासच, तीस मार्क कमी.

मे २०२४ ला मला एफ.आर.मध्ये ४१, ए.एफ.एम.मध्ये ६३ आणि ऑडिटमध्ये ४३ पडले. बेरीज १४७. तीन मार्कांनी गेलं, पण त्यात एक चांगली गोष्ट होती, साठ किंवा त्याच्या वर पडले की त्या पेपरची सूट मिळते, आम्ही एक्झम्प्शन म्हणतो. पुढचे तीन ॲटेम्प्ट तो पेपर द्यायचा नाही, ते ६३ तसेच बेरजेत धरले जातात. म्हणजे मला आता फक्त दोन पेपरांत मिळून ८७ हवे होते. आईने त्या दिवशी शिरा केला होता, नापासाच्या रिझल्टला शिरा, आणि मला तो गोडही लागला होता कारण ८७ म्हणजे काय, एकात ४७ आणि एकात ४०. मग नोव्हेंबर २०२४ ला ऑडिटला ५७ पडले, आजपर्यंतचे सगळ्यात जास्त, आणि एफ.आर.ला ३८. बेरीज १५८, दीडशेच्या आठ वर, आणि तरी नापास, कारण एका पेपरात दोन कमी. मे २०२५ ला एफ.आर. सुधारला, ४६, तर ऑडिट ३९ वर आला. आणि सप्टेंबर २०२५, जो एक्झम्प्शनचा शेवटचा ॲटेम्प्ट होता, त्यात पहिल्यांदाच दोन्ही पेपर चाळीसच्या वर गेले. ४४ आणि ४२. आणि ६३.

१४९.

रिझल्ट नोव्हेंबरच्या सुरुवातीला लागला तेव्हा मी ऑफिसात होते. स्क्रीनवर तीन आकडे दिसले आणि मी मनातल्या मनात बेरीज केली, मग कॅल्क्युलेटरवर केली, मग मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर केली. शेजारी बसणारा आर्टिकल, म्हणजे सी.ए.चं प्रशिक्षण घेणारा पोरगा, "दीदी, क्या हुआ?" म्हणाला, मी म्हटलं कुछ नहीं, वो मेहता टेक्सटाइलवाली लेजर दे. असं काही नाव नाही त्या क्लायंटचं, पण असंच काहीतरी म्हटलं असेन. रडू आलं नाही. रडू दोन दिवसांनी आलं, पाटणीपुऱ्याच्या सिग्नलला, कचऱ्याच्या गाडीचं ते रोजचं गाणं वाजत होतं तेव्हा, आणि त्याचा रिझल्टशी काही संबंध नव्हता.

बाहेरच्या माणसाला वाटतं की हे अपयश एका दिवसाचं असतं, रिझल्टच्या दिवशीचं. तसं नसतं. ते वर्षभर पसरलेलं असतं. सी.ए.वाल्यांचं कॅलेंडर वेगळं चालतं. पूर्वी मे आणि नोव्हेंबर अशा दोन परीक्षा होत्या, त्यामुळे माझ्या विशीतल्या कितीतरी दिवाळ्या चकलीच्या वासात बसून सेक्शन पाठ करण्यात गेल्या, आणि मे महिन्यात सगळी लग्नं. २०२२ च्या मे मध्ये चुलतबहिणीचं लग्न ग्वाल्हेरला होतं, मी गेले नाही, पेपर होता. हळदीचे फोटो मी स्टडी रूमच्या पायऱ्यांवर बसून बघितले. आता २०२५ पासून फायनल वर्षातून तीनदा होते, जानेवारी, मे, सप्टेंबर. ऐकायला बरं वाटतं, संधी वाढल्या. पण एक्झम्प्शन तीन ॲटेम्प्टचंच राहिलं, म्हणजे जे आधी दीड वर्षं टिकायचं ते आता वर्षभरात संपू शकतं, आणि सप्टेंबरचा पेपर येतो टॅक्स ऑडिटच्या सीझनच्या तोंडावर, जेव्हा कुठलाही सर सुट्टी देताना दहा वेळा विचार करतो. मी फर्ममध्ये पेड असिस्टंट आहे. आर्टिकलशिप २०१९ ला संपली, तेव्हापासून त्याच टेबलाच्या तीन टेबलं पुढे आलेय, एवढाच प्रवास.

ऑफिसातली एक गोष्ट सांगते. २०२१ साली एक मुलगा आर्टिकल म्हणून आला होता, देवासचा, व्हाउचिंग म्हणजे काय हे त्याला मी शिकवलं. बिलावर टिक कशी करायची, लाल पेन कुठे वापरायचा, क्लायंटकडे गेल्यावर आधी बँक स्टेटमेंट मागायचं. तो मागच्या वर्षी पास झाला आणि आता सरांबरोबर साइन करतो. बॅलन्स शीट मी बनवते, वर्किंग मी चेक करते, मग फाइल त्याच्या टेबलावर जाते. "दीदी, आपने देख ली ना? फिर मैं साइन कर देता हूँ," म्हणतो. सहीच्या खाली यू.डी.आय.एन. टाकावा लागतो, अठरा अक्षर-आकड्यांचा, प्रत्येक कागदाचा वेगळा, आणि तो फक्त मेंबरलाच, म्हणजे सी.ए. झालेल्यालाच काढता येतो. तो ते टाइप करतो तेव्हा मी बघते. मुलगा चांगला आहे, अजूनही अडलं की मलाच विचारतो, आणि मला त्याच्याबद्दल वाईट काही वाटत नाही हे मी अगदी तपासून बघितलंय. वाटतं ते वेगळंच, की कामात आमच्यात फरक नाही, फरक त्या अठरा अक्षर-आकड्यांचा आहे, आणि तो फरक खराही आहे. एक मार्क कमी म्हणजे कमी. ऑडिट शिकलेल्या माणसाने हे नाकारायचं म्हटलं तर शिकला काय तो.

शाळेत आम्ही पाच जणी होतो, रामबागेत एकीच्या घरी गणपतीत आरतीला जमायचो. एक टोरांटोला, एक बेंगळुरूला, एकीची मुलगी आता अडीच वर्षांची, एकीचा मागच्या डिसेंबरमध्ये साखरपुडा झाला. पाचवी मी. अडीच वर्षांची ती मला "मावशी काय कलतेश" विचारते तेव्हा मी "अभ्यास" म्हणते आणि तिच्या आईच्या चेहऱ्यावर एक क्षण काहीतरी येऊन जातं, दया नाही, घाई असते ती, विषय बदलायची. मला त्या घाईचा जास्त त्रास होतो. जुन्या मैत्रिणींना आपल्याशी बोलताना शब्द निवडावे लागतायत हे लक्षात येणं फार एकटं करतं. मग मीच आधी विषय बदलते, छप्पन दुकानला खायचं नवीन काय उघडलं, सराफ्यात गर्दी किती वाढली, असलं काहीतरी.

आणि लग्न. मला लग्न करायचंय, हे मी स्पष्टच लिहिते, कारण माझ्या वयाच्या मुलींनी ते लिहिलं की लगेच कमीपणा वाटतो. मला कुणाबरोबर तरी रविवारी सकाळी जीरावण मसाला घातलेले पोहे खायचे आहेत आणि भांडायचं पण आहे. पण आमच्याकडे ते दोन्ही धागे एकमेकांत गुंतले. आधी ठरलं सी.ए. झाल्यावर बघू, म्हणजे स्थळही चांगलं येईल. तेव्हा मी तेवीसची होते आणि "झाल्यावर" म्हणजे वर्षभरात असं सगळ्यांनाच वाटायचं. त्यात मे २०२० ची परीक्षा कोरोनात आधी पुढे गेली, मग रद्दच झाली, नोव्हेंबरमध्ये मिसळली. सत्ताविसाव्या वर्षी ठरलं की दोन्ही बरोबर बघू. तेव्हापासून बायोडाटा फिरतोय. माझ्या लॅपटॉपवर त्या फाइली ओळीने आहेत, `biodata_2023.docx`, `biodata_2024_new.docx`, दरवर्षी बदलतं ते फक्त पगाराची ओळ आणि फोटो. जन्मतारीख तीच राहते, वय वाचणाऱ्याने काढायचं असतं. अपियरिंग पण तोच.

मागच्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे रिझल्टच्या आधी, एक स्थळ आलं होतं. पुण्याचे लोक, इंदूरला नातेवाइकांकडे आले होते. छत्तीसपैकी साडेपंचवीस गुण जुळत होते, म्हणजे अठराच्या बरेच वर, आणि नाडी वेगळी, म्हणजे आठचे आठ मिळाले. आत्याने ते फोनवर तीनदा सांगितलं. मुलाची आई सभ्य होती, आवाजात खोच नव्हती, तिने फक्त विचारलं, "अपियरिंग म्हणजे कधीपासून?" अगदी साधा प्रश्न. मी आत पोहे गरम ठेवायला पातेल्यावर चाळण ठेवत होते, बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. बाबा काही बोलले नाहीत. इतका वेळ बोलले नाहीत की आईने मध्येच "हिचा दुसरा ग्रुप तर झालाच आहे" म्हटलं, आणि समोरच्यांना ग्रुप म्हणजे काय ते माहीत नव्हतं.

नंतर गच्चीवर मुलाने मला सांगितलं की त्याची नोकरी ऑगस्टमध्ये गेलीय. बायोडाटात जुनंच पॅकेज आहे, घरचे म्हणाले लागेलच कुठेतरी, कशाला बदलायचं. तो एकतीसचा. "मी रोज सकाळी लॅपटॉप घेऊन कॅफेत जाऊन बसतो, म्हणजे आजोबांना वाटतं ऑफिस आहे," म्हणाला. आम्ही दोघं टाकीला टेकून उभे होतो, खाली कुणीतरी पाण्याची मोटर लावली. त्या दहा मिनिटांत मला जितकं मोकळं वाटलं तितकं वर्षभरात वाटलं नव्हतं. पुढे काही झालं नाही, त्यांच्याकडून "कळवतो" आलं आणि नंतर कळवलं नाही, मला वाटतं त्यानेच नको म्हटलं असेल आणि मला त्याचा राग नाही. पण एक मात्र डोक्यात राहिलं, की बायोडाटाच्या त्या कागदावर जे झालंय त्याला जागा आहे, जे चाललंय त्याला नाही. त्याच्याकडे त्यावर जुना पगार होता आणि माझ्याकडे एक शब्द.

तर तो शब्द बाबांनी काढला.

बाबा बँकेत कॅशियर होते, चौतीस वर्षं. मी लहान असताना संध्याकाळी ते उशिरा आले की आई विचारायची, "आज नाही का जुळलं?" एक रुपयाचा फरक असला तरी थांबायचे. खिशातून रुपया टाकून घरी येणारे लोक होते, बाबा नव्हते. मला अकाउंट्सची गोडी तिथूनच लागली असावी, त्या एका रुपयासाठी थांबणाऱ्या माणसाबद्दल मला फार वाटायचं. आणि आता मला तेच टोचत होतं, की ज्यांना सगळं जुळेपर्यंत उठवत नाही, त्यांनी माझं खातं बंद केलं का.

दोन दिवस मी काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी रात्री जेवताना विचारलं, "बाबा, तुम्ही बायोडाटा बदललात?" त्यांनी आमटीत पोळी बुडवली आणि म्हणाले, "हो. तो शब्द नको वाटला." मी म्हटलं, "मी सोडलेलं नाहीये." ते म्हणाले, "मला माहितीय गं. म्हणूनच." पुढे काही नाही. आई म्हणाली भात वाढू का. म्हणूनच म्हणजे काय, हे मी रात्रभर उलटं-सुलटं करत राहिले. सकाळी आईला ओट्यापाशी गाठलं तर ती कोथिंबीर निवडता निवडता म्हणाली, "त्या बाईंनी विचारलं ना कधीपासून, ह्यांना उत्तर नाही देता आलं. रात्री झोपले नव्हते. म्हणत होते, आता कुणी तिला तोंडावर विचारायला नको." आणि मग, जरा थांबून, "तुझे पेपर बघ त्यांच्या खणात."

पेपर म्हणजे सर्टिफाइड कॉपी. रिझल्टनंतर महिनाभरात अर्ज केला की तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत मिळते, एका पेपरचे ५०० रुपये. मी एफ.आर.ची मागवली होती, कुठेतरी एक मार्क सुटला असेल या आशेने. पुन्हा तपासणी होत नाही हे मला माहीत होतं, बेरीज चुकली असेल किंवा एखादं उत्तर तपासायचंच राहिलं असेल तरच बदलतं. पीडीएफ आली, मी एकदा चाळली. लीजचं गणित अर्धंच, शेवटची वीस मिनिटं कन्सॉलिडेशनच्या वर्किंग नोटमध्ये गेली होती आणि ते पान रिकामं राहिलं. तिथेच गेलं, दुसरीकडे कुठे नाही. एक उत्तर पूर्ण बरोबर आणि दोन कोरी, यापेक्षा तीन अर्धी जास्त मार्क देतात, स्टेपचे मार्क असतात, हे मी स्वतः आर्टिकल पोरांना सांगते. मग बाबा म्हणाले प्रिंट काढून दे, मी काढून दिली आणि विसरले.

खणात ती होती, रबर लावलेली, आणि प्रत्येक पानाच्या समासात पेन्सिलीने आकडे. परीक्षकाने जिथे दोन दिले तिथे २, दीड दिला तिथे १½. पानाच्या तळाशी त्या पानाची बेरीज, पुढच्या पानावर मागची ओढून आणलेली, जुन्या लेजरमध्ये आणायचे तशी. बाबांना त्यातलं एक अक्षरही कळत नाही, एन.सी.आय. म्हणजे काय, गुडविल कसं निघतं, काहीच नाही, त्यांनी फक्त आकडे धरले होते. शेवटच्या पानावर २६. त्याखाली एम.सी.क्यू.चे १८, जे मीच त्यांना सांगितले असणार. ४४. शेजारी पुन्हा पहिल्यापासून केलेली बेरीज, ४४. आणि तिसऱ्यांदा, वेगळ्या दिवशी केलेली असावी कारण पेन्सिल जास्त टोकदार आहे, ४४.

आता मार्चमध्ये मे २०२६ चा फॉर्म भरायचा आहे आणि त्याआधी मला एक ठरवायचंय. ए.एफ.एम.चं एक्झम्प्शन कायमचं ठेवता येतं, पण मग उरलेल्या दोन्ही पेपरांत चाळीस चालत नाहीत, प्रत्येकी पन्नास लागतात. ऑडिटला मी एकदा सत्तावन्न आणलेत. एफ.आर.ला पन्नास कधीच नाही, सेहेचाळीसच्या वर गेलेच नाही. नाहीतर ते ६३ सोडायचे आणि तिन्ही पेपर नव्याने द्यायचे, चाळीस-चाळीसच्या आणि दीडशेच्या हिशोबाने, म्हणजे दीड वर्षात न उघडलेलं डेरिव्हेटिव्ह पुन्हा उघडायचं. मी दोन्हीकडे बेरजा मांडून बघतेय. मला तिन्ही पेपर द्यावेसे वाटतायत, कारण त्यात एक पेपर दुसऱ्याला सांभाळून घेतो. ऑफिसातला देवासचा मुलगा म्हणतो दीदी दो ही दो, टाइम बचेगा. अजून ठरलेलं नाही.

बायोडाटा मी परत बदलला नाही. बाबांनी विचारलं होतं एकदा, हळूच, टी.व्ही.कडे बघत, "परत टाकू का तो शब्द?" मी म्हटलं राहू द्या.

ती प्रिंट मी रबर लावून जिथे होती तिथेच ठेवली. ठेवताना शेवटचं पान परत बघितलं. तिसऱ्या ४४ च्या खाली त्यांनी पट्टीने दोन रेघा ओढल्यात, रात्री कॅश जुळली की रजिस्टरमध्ये ओढायचे तशा.